कॅन्सर उशिरा येतो, फोलेट आधी जातं

पत्र: मी नववीला विज्ञान शिकवते. विषुववृत्ताजवळच्या लोकांची त्वचा काळी का, याचं उत्तर मी दरवर्षी एकच देते: मेलॅनिन त्वचेच्या कॅन्सरपासून वाचवतं. यंदा एका मुलीने विचारलं, "पण मॅडम, कॅन्सर तर उतारवयात होतो. तोवर मुलंबाळं झालेली असतात. मग निसर्गाने निवड कशी केली?" मला उत्तर सुचलं नाही. नंतर वाचनात आलं की उन्हाने शरीरातलं फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व मोडतं आणि खरं कारण ते आहे. हे कितपत खरं? आणि एक खासगी प्रश्न. आम्ही बाळाचा विचार करतोय, डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलंय. मी गोरी आहे आणि दुपारच्या सुट्टीत मैदानावर माझी ड्यूटी असते. सासूबाई म्हणतात, उन्हात जाऊ नकोस, काळवंडशील. मला आता वेगळीच धास्ती वाटायला लागलीय. ऊन टाळू का?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर:

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने घेतलेली हरकत हॅरल्ड ब्लम या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली छापून मांडली होती. उन्हामुळे होणारे त्वचेचे बहुतेक कॅन्सर सावकाश वाढतात आणि सहसा पन्नाशी-साठीकडे दिसतात. तोपर्यंत माणसाने आपली जनुकं पुढच्या पिढीला देऊन टाकलेली असतात. नैसर्गिक निवडीला फरक पडतो तो मूल होण्याआधी किंवा मूल होताना काय बिघडतं याने. म्हणून ब्लमने थेट विचारलं की मेलॅनिनचा उत्क्रांतीच्या हिशेबात खरोखर काही उपयोग आहे का? त्या मुलीला हे नाव जरूर सांगा.

ब्लमनंतर काही वर्षं या जागी एक वेगळंच उत्तर चाललं. १९६७ मध्ये लूमिस नावाच्या संशोधकाने सुचवलं की उष्ण प्रदेशात गोऱ्या त्वचेत ड जीवनसत्त्व इतकं जास्त तयार होईल की ते विषारी ठरेल, आणि काळा रंग त्यापासून वाचवतो. ते टिकलं नाही. ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल त्वचेत तयार झाल्यावर ऊन लागतच राहिलं तर त्यातला बराचसा भाग निरुपयोगी पदार्थांत बदलतो. जास्तीचं उत्पादन त्वचा स्वतःच थांबवते.

फोलेटची गोष्ट सुरू होते १९७८ मध्ये, 'सायन्स' नियतकालिकातल्या एका छोट्या लेखापासून. मिनेसोटा विद्यापीठातले रिचर्ड ब्रांडा आणि जॉन ईटन यांनी माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा घेतला आणि त्यावर सूर्यप्रकाशासारखा कृत्रिम प्रकाश सोडला. तासाभरात त्यातलं ३० ते ५० टक्के फोलेट नाहीसं झालं. सोबत त्यांनी त्वचारोगासाठी अतिनील किरणांचे उपचार घेणारे काही गोऱ्या त्वचेचे रुग्णही तपासले. त्यांच्या रक्तात फोलेट निरोगी लोकांपेक्षा कमी निघालं. यावरून दोघांनी असं मांडलं की प्रखर उन्हाच्या मुलखात काळी त्वचा आतल्या रक्तातलं फोलेट सांभाळते. हे ब्लमच्या अटीत बसतं, कारण फोलेट कमी पडलं तर त्याचा फटका थेट प्रजननाला बसतो.

का बसतो, ते जरा सविस्तर सांगते. पेशी दुभंगायची असेल तर तिला आधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत करावी लागते. त्या प्रतीसाठी लागणारा थायमिन हा घटक तयार करताना फोलेट एक कार्बन अणू आणून जोडण्याचं काम करतं. फोलेट अपुरं असेल तर ज्या पेशी भराभर दुभंगतात त्या आधी अडतात: रक्त तयार करणारी अस्थिमज्जा, शुक्राणू बनवणाऱ्या पेशी आणि गर्भ. यातल्या रक्ताच्या भागाचा शोध तर आपल्या मुंबईतच लागला. १९२८ पासून ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथल्या गरोदर स्त्रियांच्या, त्यातही गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या गंभीर पंडुरोगाचा अभ्यास करत होती. त्यांच्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि संख्येने कमी असायच्या. यीस्टपासून बनलेला मार्माइट हा स्वस्त अर्क दिल्यावर बायका बऱ्या व्हायला लागल्या. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. (परळच्या हाफकिन संस्थेत हे काम चाललं होतं, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकात का नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो.)

गर्भाची बाजू मात्र १९७८ मध्ये ब्रांडा-ईटन यांच्याही हाती पक्की नव्हती. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांच्या आत गर्भाच्या पाठीवरची पट्टी दोन्ही कडांनी वळून नळीसारखी मिटते. हीच मज्जानलिका, जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. ती वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू नीट बनत नाही आणि बाळ जगत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर कण्याचा व्यंग राहतो, आणि शस्त्रक्रिया नसलेल्या काळात अशी बरीच मुलं वाचत नसत. यात आईच्या फोलेटचा हात किती, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दाखवलं. आधीच्या गर्भात असा दोष आलेल्या १,८१७ स्त्रिया सात देशांतून त्यात सामील झाल्या होत्या. रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांमध्ये पुन्हा तोच दोष येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्वच्छ होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

हे दोन धागे जोडले नीना जॅब्लॉन्स्की या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या ऑस्ट्रेलियात पर्थला होत्या. त्वचेवर एक व्याख्यान द्यायचं म्हणून वाचन करताना त्यांना ब्रांडा-ईटनचा जुना लेख सापडला. थोड्याच दिवसांनी त्यांनी तिथल्याच एका चर्चासत्रात फोलेटची कमतरता आणि मज्जानलिकेचे दोष यांबद्दल ऐकलं. ऊन फोलेट मोडतं आणि फोलेट नसेल तर गर्भ दगावतो, हे दोन्ही एकापुढे एक ठेवल्यावर साखळी पूर्ण झाली. पुढे जॉर्ज चॅप्लिन यांच्यासह त्यांनी नासाच्या उपग्रहाने मोजलेलं जमिनीवरचं अतिनील किरणांचं प्रमाण घेतलं आणि ठिकठिकाणच्या मूळ रहिवाशांच्या त्वचेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापाशी ते ताडून पाहिलं. २००० साली हे प्रसिद्ध झालं. अतिनील किरण जिथे जास्त तिथे त्वचा गडद, हा संबंध फार घट्ट निघाला. त्यांची मांडणी अशी की विषुववृत्ताकडे फोलेट वाचवण्यासाठी त्वचा गडद राहिली आणि ध्रुवांकडे ड जीवनसत्त्व तयार व्हावं म्हणून फिकट झाली.

वर्गात क्रम सांगताना एक गोष्ट अगदी सुरुवातीला ठेवा. आपले पूर्वज आधीपासूनच काळे होते असं नाही. चिंपांझीच्या केसांखालची कातडी बरीचशी फिकट असते. अंगावरचे दाट केस गेले, घामाने अंग थंड ठेवायची सोय झाली, आणि मग उघड्या पडलेल्या कातडीला मेलॅनिनची गरज लागली. त्वचेच्या रंगाशी संबंधित एमसी१आर या जनुकाच्या अभ्यासातून हा काळ किमान दहा-बारा लाख वर्षांपूर्वीचा असावा असा अंदाज बांधला गेला आहे. २५ वर्षांची एक पिढी धरली तर दहा लाख वर्षांत ४०,००० पिढ्या होतात. फिकट त्वचेमुळे हजार बाळांमागे एखादंच जास्त दगावत असेल, तरी एवढ्या पिढ्यांत तो फरक साचत जातो. मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला लावा.

आता "कितपत खरं" याकडे येते, कारण खरी मजा इथे आहे. ब्रांडा-ईटनच्या प्रयोगात प्लाझ्मा काचेत होता आणि सगळाच्या सगळा प्रकाशात होता. शरीरात तसं नसतं. आरामात बसलेल्या माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जेमतेम वीसावा हिस्सा त्वचेकडे जातो, तोही वरच्या थराखालून. त्या थरातून किती अतिनील किरण आत पोचतात हे १९७९ मध्ये मोजलं गेलं. जास्त ऊर्जेच्या बी प्रकारच्या अतिनील किरणांपैकी गोऱ्या त्वचेच्या वरच्या थरातून सुमारे २४ टक्के पार जातात, काळ्या त्वचेतून सुमारे ७ टक्के. ए प्रकारचे किरण जास्त खोल जातात: गोऱ्या त्वचेतून ५५ टक्के, काळ्या त्वचेतून १७-१८ टक्के. म्हणजे मेलॅनिनचा पडदा खराच दाट आहे. पण गोऱ्या माणसाच्या रक्तापर्यंतही पोचतात ते मुख्यतः ए किरण.

आणि इथे रसायन आडवं येतं. तुमच्या गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड आणि रक्तात नैसर्गिकपणे फिरणारं फोलेट हे एकच नव्हेत. गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड ए किरणही शोषतं आणि त्याचे दोन तुकडे होतात. त्यातल्या एका बाजूच्या तुकड्यांपासून असे पदार्थ बनतात जे स्वतः प्रकाश शोषून उरलेलं फॉलिक अ‍ॅसिड आणखी वेगाने मोडायला मदत करतात. रक्तातलं मुख्य रूप मात्र मिथाइल-टेट्राहायड्रोफोलेट. ते २९० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे बी किरणांच्या पट्ट्यात प्रकाश शोषतं. ए किरण त्याला थेट जवळजवळ काहीच करत नाहीत. जे किरण रक्तापर्यंत पोचतात त्यांना ते दाद देत नाही, आणि ज्यांनी ते मोडतं ते किरण फारसे आत पोचत नाहीत! नुसत्या ए किरणांवर फोलेटचं गणित सुटत नाही, ते यामुळे.

यातून वाट निघते ती रायबोफ्लेविनमुळे, म्हणजे ब२ जीवनसत्त्वामुळे. रक्तात ते असतंच, आणि पोर्फिरिनसारखी काही रंगद्रव्यंही असतात. ही ए किरण शोषतात, उत्तेजित होतात आणि ऑक्सिजनचं अतिशय क्रियाशील रूप तयार करतात. ते रूप मग मिथाइल-फोलेटवर तुटून पडतं. प्रयोगशाळेत रायबोफ्लेविन घातल्यावर, एरवी ए किरणांना दाद न देणारं हे फोलेट मोडताना दिसलं आहे. शिवाय उष्णतेचाही विचार करा. अंग तापलं की शरीर रक्त त्वचेकडे वळवतं. एरवी मिनिटाला पाव लिटरच्या आसपास असलेला हा प्रवाह कडक उन्हात, श्रम करताना मिनिटाला ६ ते ८ लिटरपर्यंत चढू शकतो. भर दुपारी कंदमुळं खणणाऱ्या किंवा शिकारीमागे धावणाऱ्या माणसाचं रक्त, घरात बसलेल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त वेळा उन्हाखालून जात असणार. काचेतला प्रयोग आणि आरामात बसलेला माणूस या दोन टोकांच्या मधे ही परिस्थिती येते.

जिवंत माणसांवरचे प्रयोग मात्र एका सुरात बोलत नाहीत. २००१ मध्ये जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला ए किरण दिले, दुसऱ्याला नाहीत. रक्तातल्या फोलेटमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मिथाइल-फोलेटचं रसायन माहीत असेल तर याचं आश्चर्य वाटायला नको. ब्रांडा-ईटनच्या रुग्णांबद्दलही एक शंका राहते. त्यांना किरणांसोबत सोरालेन नावाचं प्रकाशाला संवेदनशील करणारं औषध दिलं जात होतं. शिवाय सोरायसिससारख्या रोगात त्वचेच्या पेशी इतक्या वेगाने दुभंगतात की फोलेट त्यातच जास्त खर्च होऊ शकतं. त्यांचं फोलेट किरणांमुळे कमी होतं की रोगामुळे, हे त्या आकड्यांवरून सुटत नाही.

दुसऱ्या बाजूला २०१४ मध्ये ब्रिस्बेनहून एक अभ्यास आला. मूल होण्याच्या वयातल्या ४५ स्त्रिया, सगळ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेणाऱ्या. ज्यांच्या अंगावर जास्त ऊन पडत होतं त्यांच्यात फोलेटची पातळी सुमारे २० टक्क्यांपर्यंत कमी आढळली. हा अभ्यास निरीक्षणाचा आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, आणि गट लहान आहे. पण प्रयोगशाळेतले दिवे आणि क्वीन्सलँडचा सूर्य यांत मोठा फरक आहे. सूर्यात बी आणि ए किरण एकत्र येतात, अंगही तापतं. तुमच्या दृष्टीने हाच अभ्यास जास्त जवळचा.

तपासण्या वाचताना एक ध्यानात ठेवा. सीरममधलं, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातलं फोलेट काल काय जेवलात यावरही वरखाली होतं. लाल पेशींतलं फोलेट पेशी तयार होतानाच आत जातं आणि पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ते गेल्या काही महिन्यांचा हिशेब देतं. फक्त सीरमच्या एका आकड्यावर ऊन फोलेट खातं किंवा खात नाही असं ठोकून सांगणाऱ्या लेखावर फार विसंबू नका.

कॅन्सरवाल्यांचंही एक उत्तर आहे, ते मुलीला न सांगणं अन्यायाचं होईल. २०१४ मध्येच मेल ग्रीव्ह्ज यांनी आफ्रिकेतल्या अल्बिनो लोकांकडे लक्ष वेधलं. मेलॅनिन जवळजवळ नसलेल्या या माणसांना विषुववृत्ताजवळच्या उन्हात विशी-तिशीतच त्वचेचे कॅन्सर होतात आणि पुष्कळजण चाळिशीही गाठत नाहीत. मेलॅनिन नसलेल्या त्वचेसाठी कॅन्सर हा उतारवयाचा रोग राहत नाही, आणि ब्लमचा आक्षेप तिथे ढिला पडतो. माझं मत विचाराल तर अल्बिनो त्वचा हे टोकाचं उदाहरण आहे. नुसत्या फिकट त्वचेच्या, ऊन लागल्यावर थोडी रापणाऱ्या पूर्वजांवर ते जसंच्या तसं बसत नाही. तिथे फोलेटचं कारण मला जास्त पटतं. पण गर्भावरचा परिणाम दाखवणारा शेवटचा दुवा, म्हणजे उन्हामुळे फोलेट कमी झालं आणि त्यामुळे मज्जानलिकेचे दोष वाढले, असा थेट पुरावा माणसांत अजून नाही. वर्गात "हेच खरं कारण" असं म्हणू नका. "कॅन्सरपेक्षा आधी, प्रजननाच्या वयात घाव घालणारं दुसरं कारण" असं म्हणा. भाजलेल्या कातडीने घामग्रंथी बिघडतात, जखमा चिघळतात, हेही सोबत असणारच. एकाच गुणावर दोन-तीन दाब एकाच दिशेने पडू शकतात.

एक टीप महाराष्ट्रापुरती. नाशिक विसाव्या अक्षांशाजवळ, म्हणजे उष्ण कटिबंधातच येतं, तरी एकाच वर्गात तुम्हाला गव्हाळ, सावळी, काळी अशी सगळी मुलं दिसतील. इथे सूर्याखेरीज स्थलांतरांचाही मोठा हात आहे. भारतात सापडणारा एसएलसी२४ए५ या जनुकाचा रंग फिकट करणारा प्रकार युरोपातल्या प्रकाराशी मुळातच एक आहे. तेव्हा एखाद्या मुलाच्या रंगावरून त्याचे पूर्वज कुठल्या अक्षांशावर राहायचे, हे काढायचा खेळ वर्गात होऊ देऊ नका.

आता तुमची मैदानावरची ड्यूटी. ती सोडू नका. सुट्टीतल्या अर्ध्या तासाच्या उन्हाने, गोळी चालू असताना, काळजी करण्याइतकं फोलेट जाईल असं मानायला आधार नाही. उन्हाला पाठ फिरवलीत तर ड जीवनसत्त्व कमी पडेल, आणि त्याची कमतरता आपल्याकडच्या बायकांत आधीच भरपूर आहे. टोपी किंवा छत्री घ्या, शक्य असेल तिथे सावलीत उभ्या राहा, त्वचा लाल होऊ देऊ नका. सनबाथ किंवा टॅनिंगच्या दिव्यांपासून मात्र या काळात लांब राहा. त्यांचा फायदा काही नाही.

गोळीबद्दल काटेकोर राहा. सर्वसाधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. ती गर्भ राहण्याआधी निदान महिनाभर सुरू झालेली असावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी. मज्जानलिका मिटते तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, म्हणून आधीपासून घेण्याला महत्त्व आहे. घरात किंवा आधीच्या गर्भात असा दोष झाला असेल, अपस्माराची औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल तर डोस बराच जास्त लागतो. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, स्वतः वाढवू नका. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास मिळतात, पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. गोळ्या पाकिटातच ठेवा. डबीत काढून खिडकीत ठेवल्या तर वर सांगितलेलं मोडणं तिथेच सुरू व्हायला वाव मिळतो. एक मुद्दा माझ्या विषयातला: मोठा डोस घेतल्यावर थोडा वेळ रक्तात न बदललेलं फॉलिक अ‍ॅसिड फिरतं आणि ए किरणांनी मोडतं ते हेच. म्हणून मी माझ्या ओळखीतल्यांना गोळी रात्री घ्यायला सांगते. त्याचा फायदा कोणी मोजून दाखवलेला नाही, पण त्याला खर्चही नाही. रात्री विसरत असाल तर सकाळी घ्या, रोज घेणं जास्त महत्त्वाचं.

मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग हे आहारात असू द्याच. भाजी खूप पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर फोलेट त्या पाण्याबरोबर जातं, म्हणून वाफेवर शिजवा किंवा पाणी आमटीत वापरा.

सासूबाईंना सांगा की टोपी घेऊन जाते. काळवंडण्याबद्दल त्यांच्याशी वाद घालायचा की नाही हे तुमच्या घरचं राजकारण, त्यात मी पडत नाही. पण त्यांना एवढं मात्र सांगता येईल की उन्हाने त्वचा रापते ती मेलॅनिन वाढल्याने, आणि या सगळ्या गोष्टीत मेलॅनिन आपल्या बाजूने आहे.